गच्चीवरच्या सोलरच्या फोटोत पॅनल कोणते, चार्ज कंट्रोलर कोणता आणि इन्व्हर्टर कोणता?

सुरुबन | शनिवार, सकाळी ९.१०

नमस्कार. आमचे मूळ घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून पायी दहा मिनिटांवर आहे आणि तेथे माझे काका-काकू राहतात. जून २०२० मधील निसर्ग वादळानंतर आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती. त्या अनुभवावरून काकांनी घरातल्या जुन्या इन्व्हर्टरला सोलरची जोड करून घेतली. सध्याची तक्रार अशी आहे की वीज गेल्यावर दिवे आणि पंखा व्यवस्थित चालतात, पण काकूंनी वाटणासाठी मिक्सर लावला की त्याच क्षणी सगळे घर अंधारात जाते आणि थोड्या वेळाने दिवे आपोआप परत येतात. वीज असताना मात्र हाच मिक्सर विनातक्रार चालतो. तालुक्याच्या गावातील एका कारागिराने फोनवरच सांगितले की इन्व्हर्टर गेला आहे, नवा घ्या.

मी डोंबिवलीत असतो, त्यामुळे काकांकडून दोन फोटो मागवले आणि ते खाली जोडले आहेत. पहिला गच्चीचा आहे, त्यात ओळीने तीन काळपट निळे तक्ते दिसतात आणि कठड्यावर एक राखाडी डबी आहे. दुसरा पडवीतल्या भिंतीचा आहे. त्यात वरच्या बाजूला तळहाताएवढा निळा डबा आहे आणि त्याच्या छोट्या पडद्यावर १२.६ हा आकडा दिसतो. खाली फळीवर एक मोठा पांढरा डबा आहे, ज्याच्या दर्शनी बाजूला दिव्यांची ओळ असून एका दिव्याखाली ‘चार्जिंग’ असे छापलेले आहे. जमिनीवर एक उंच बॅटरी आहे.

माझा समज असा की आकडा दाखवणारा निळा डबा इन्व्हर्टर असावा आणि ‘चार्जिंग’ लिहिलेला पांढरा डबा चार्ज कंट्रोलर असावा. नवीन वस्तू मागवण्यापूर्वी हे बरोबर आहे का, ते जाणकारांनी सांगावे. काका पंचाहत्तरीचे आहेत, त्यामुळे त्यांना फोनवर ‘तो डबा उघडा’ असे सांगणे शक्य नाही.

तात्या_कल्याण | शनिवार, सकाळी १०.०२

आपला समज उलटा आहे. मोठा आणि वजनदार डबा नेहमी इन्व्हर्टर असतो, कारण त्याच्या पोटात ट्रान्सफॉर्मर असतो. छोटा निळा डबा चार्ज कंट्रोलर आहे. वीज पॅनलकडून कंट्रोलरकडे, तेथून बॅटरीकडे आणि शेवटी इन्व्हर्टरकडे अशी साखळीने जाते. तुमच्या दुसऱ्या फोटोत निळ्या डब्याखाली स्क्रूंच्या तीन जोड्या दिसतात आणि शेवटच्या जोडीतून निघालेल्या वायर पांढऱ्या डब्याकडे गेल्या आहेत, म्हणजे जोडणीही साखळीप्रमाणे बरोबर आहे. त्यामुळे कारागिराचे म्हणणे मला पटते. इन्व्हर्टर जुना झाला आहे, तो बदलावा.

खाडीकिनारी | शनिवार, सकाळी १०.४०

तुमच्या फोटोत नेट मीटर कोठेच दिसत नाही, मग बिल कमी होणार कसे? आमच्याकडे देवगडला गेल्या वर्षी तीन किलोवॅटची यंत्रणा बसवली आणि बिल जवळजवळ नाहीसे झाले. आमच्या भिंतीवर तर एक मोठा डबा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक झाकणाचा एकेक छोटा डबा आहे. हे दोन्ही छोटे डबे चार्ज कंट्रोलर आहेत असे मी आजवर समजत होतो. तुमच्याकडे एकच कसा?

जांभादगड | शनिवार, दुपारी १.१५

मी रत्नागिरी जिल्ह्यात शाळा, मच्छीमार सोसायट्या आणि घरे यांच्या सोलर यंत्रणांची देखभाल वीस-बावीस वर्षे केली आहे. दोन्ही फोटो मोठे करून सावकाश पाहिले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

सुरुबन, प्रथम गच्चीचा फोटो पाहू. तुम्ही ज्यांना तीन पॅनल म्हणता त्यांतील दोनच पॅनल आहेत. उजवीकडचा तिसरा तक्ता पाणी तापवण्याचा आहे. पॅनलच्या काचेखाली चौकोनी तुकड्यांची जाळी असते आणि प्रत्येक तुकड्यावरून चंदेरी बारीक रेघा गेलेल्या असतात. तुमच्या पहिल्या दोन तक्त्यांत हे चौकोन मोजता येतात, आडवे चार आणि उभे नऊ, म्हणजे एकूण छत्तीस. तिसऱ्या तक्त्यात चौकोन नाहीत, वरून खाली जाणारे पट्टे आहेत. त्याची कडा पहिल्या दोघांच्या दुपटीहून जाड आहे, ते तुम्हाला गच्चीवर पडलेल्या सावलीवरूनही कळेल. त्याच्या खालच्या आणि वरच्या कोपऱ्यातून नळी निघते आणि मागे टाकीचा अर्धा गोल दिसतो. पॅनलमधून नळी कधीच निघत नाही. पाठीमागच्या छोट्या काळ्या डबीतून दोन वायर निघतात, एवढेच.

छत्तीस हा आकडा लक्षात ठेवा. एक चौकोन उन्हात साधारण अर्धा व्होल्ट देतो, म्हणून छत्तीस चौकोनांचे पॅनल काम करताना सुमारे अठरा व्होल्ट देते आणि ते बारा व्होल्टच्या एका बॅटरीसाठीच केलेले असते. जमिनीवर बॅटरी एकच आहे, म्हणजे ही जोडी एकमेकांना शोभणारी आहे. गच्चीवर मला काही वावगे दिसत नाही. डावीकडच्या पॅनलच्या कोपऱ्यावर माडाच्या झावळीची सावली पडते आहे, पण तो आजचा विषय नाही.

आता पडवी. तात्यांनी डबे बरोबर ओळखले आहेत, मात्र ओळखण्याची खूण मला मान्य नाही आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष तर मुळीच मान्य नाही. आकारावरून ओळखायला गेले की फसगत होते. मोठ्या क्षमतेचे चार्ज कंट्रोलर आज चांगले जाडजूड, मागे पंखांसारख्या पट्ट्या असलेले येतात आणि ट्रान्सफॉर्मर नसलेले इन्व्हर्टर बुटाच्या खोक्याएवढेही असतात. पडद्यावरूनही ओळखू नये, कारण पडदा दोघांनाही असतो. निळ्या डब्यावरचा १२.६ हा केवळ बॅटरीचा व्होल्टेज आहे. तो डबा वीज तयार करतो आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

सुरुबन यांची फसगत ज्या शब्दाने झाली त्याने मी अनेकांना फसलेले पाहिले आहे. घरगुती इन्व्हर्टर वीज असताना बॅटरी भरतो आणि वीज गेल्यावर तीच बॅटरी वापरून घर चालवतो, म्हणून त्याच्या तोंडावर ‘चार्जिंग’चा दिवा असतो. तो दिवा महावितरणच्या विजेवर होणाऱ्या चार्जिंगचा असतो, उन्हावरच्या चार्जिंगशी त्याचा संबंध नसतो. तेव्हा दर्शनी बाजूला काय छापले आहे ते सोडून द्यावे आणि डब्यात काय शिरते व डब्यातून काय निघते ते पाहावे. ज्यातून घराच्या फिटिंगकडे जाणारी वायर किंवा तीन पिनांचे सॉकेट निघते तो इन्व्हर्टर. तुमच्या पांढऱ्या डब्याच्या मागून तीन पिनांची वायर भिंतीवरच्या बोर्डाकडे गेलेली फोटोच्या अगदी उजव्या कडेला दिसते. ज्याच्या पोटाखाली स्क्रूंच्या जोड्या असून त्यांच्यावर पॅनल, बॅटरी आणि बल्ब अशी तीन चित्रे असतात तो चार्ज कंट्रोलर. निळ्या डब्यावर ही चित्रे धूसर का होईना, पण दिसतात.

आता खरी गोष्ट. तात्या ज्याला बरोबर म्हणतात तीच जोडणी मला चुकीची वाटते. पांढऱ्या डब्याकडे जाणाऱ्या वायर बल्बच्या चित्राखालच्या जोडीतून निघाल्या आहेत. इन्व्हर्टरच्या वायर तेथे असता कामा नयेत, त्या थेट बॅटरीवर असायला हव्यात. फोटो पुन्हा नीट पाहा. पांढऱ्या डब्यातून निघणारी लाल वायर अंगठ्याएवढी जाड आहे. वाटेत एका ठिकाणी काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि त्या पट्टीनंतर तीच वायर करंगळीहूनही बारीक होऊन निळ्या डब्यात शिरते. जाड वायर त्या स्क्रूत मावत नव्हती, म्हणून कोणीतरी तिला बारीक तुकडा जोडला आहे.

काकांना एवढेच विचारावे की बॅटरी अलीकडे बदलली होती का आणि निळ्या डब्याच्या बाजूला छापलेले अँपिअर किती आहेत. कोणीही कोणत्याही वायरला हात लावू नये.

जांभादगड | शनिवार, दुपारी १.३२

खाडीकिनारी, आपली यंत्रणा निराळ्या जातीची आहे, म्हणून येथे तिची तुलना करू नये. आपल्याकडे बॅटरी नाही, त्यामुळे चार्ज कंट्रोलरही नाही. मधला मोठा डबा इन्व्हर्टर आहे आणि पॅनलची वीज थेट त्यात जाते. दोन्ही बाजूंच्या पारदर्शक झाकणाच्या डब्यांपैकी पॅनलच्या बाजूचा डीसी डीबी आणि मीटरच्या बाजूचा एसी डीबी. त्यांत फ्यूज, छोटे ब्रेकर आणि विजेच्या लोळापासून वाचवणारे तुकडे असतात. झाकणातून खटके दिसतात, हीच त्यांची खूण. गावातली वीज गेली की आपली यंत्रणा ऊन असूनही बंद पडते, हे आपल्या लक्षात आले असेलच.

खाडीकिनारी | शनिवार, दुपारी २.०५

ते लक्षात आले होते आणि त्यावरून बसवणाऱ्याशी माझे भांडणही झाले होते. वीज गेली की सोलर बंद, मग सोलर कशाला? तो दोष नसून रचनाच तशी आहे, हे मला आज समजते आहे.

जांभादगड | शनिवार, दुपारी २.२०

रचनाच तशी आहे. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. भांडण मिटवून टाकावे.

तात्या_कल्याण | शनिवार, दुपारी ३.४८

जांभादगड यांच्या अनुभवाचा आदर आहे, पण एक गोष्ट मला पटत नाही. कंट्रोलरवरची तिसरी जोडी लोडसाठीच दिलेली असते. इन्व्हर्टर हा लोड नाही का? शिवाय कंट्रोलर बॅटरीला अति उतरू देत नाही. इन्व्हर्टर थेट बॅटरीवर टाकला, तर ते संरक्षण हातचे जाते. आणि जोडणी चुकीची असती, तर दिवे आणि पंखाही चालायला नको होते.

शेवग्याची_शेंग | शनिवार, सायंकाळी ५.१०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण चौकोन मोजण्याची गोष्ट वाचून राहवले नाही. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी ३३० वॅटचे एक मोठे पॅनल, एक बॅटरी आणि असाच छोटा निळा डबा आहे. विकणाऱ्याने सांगितले होते की दिवसभरात बॅटरी भरून वर उरेल, पण मे महिन्याच्या उन्हातही ती संध्याकाळपर्यंत पूर्ण भरत नाही. आत्ता जाऊन चौकोन मोजले, तर आडवे सहा आणि उभे बारा, म्हणजे बहात्तर भरले. यावरून काही कळते का?

जांभादगड | शनिवार, रात्री ८.३०

तात्या, आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आकड्यांतच आहे. बॅटरी बारा व्होल्टची आहे. तीन दिवे आणि एक पंखा मिळून शंभर वॅटच्या आसपास होतात, म्हणजे इन्व्हर्टरमधली घट धरून बॅटरीकडून साधारण दहा अँपिअर ओढले जातात. घरगुती मिक्सर पाचशे वॅटचा असतो. पाचशेला बाराने भागले की बेचाळीस येतात आणि घट धरली की पन्नासच्या घरात जातात, शिवाय सुरू होतानाचा हिसका त्याहून मोठा असतो. या आकाराचे निळे डबे बहुधा दहा, वीस किंवा तीस अँपिअरचे असतात. दहा अँपिअर त्या जोडीतून सुखाने जातात, म्हणून दिवे आणि पंखा चालतात. पन्नास मागितले की कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी ती जोडी तोडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा जोडून पाहतो. घर अंधारात जाणे आणि दिवे आपोआप परत येणे, याचा अर्थ मी असा लावतो. वीज असताना मिक्सर चालतो, कारण तेव्हा इन्व्हर्टर बाहेरची वीज नुसती पुढे पाठवतो आणि बॅटरीकडे काही मागतच नाही.

इन्व्हर्टर हा लोड आहे, यात वाद नाही. पण ती जोडी बारा व्होल्टवर थेट चालणाऱ्या छोट्या दिव्यांसाठी असते, म्हणूनच तिच्यावर बल्बचे चित्र आहे. बॅटरी फार उतरू नये ही काळजी घरगुती इन्व्हर्टर स्वतःच घेतो, त्यासाठी त्याच्यावर बॅटरी लोचा दिवा असतो. साखळीचे चित्र मनात धरले की ही चूक होते. प्रत्यक्षात बॅटरी मधोमध असते, एका बाजूने कंट्रोलर तिच्यात भरतो आणि दुसऱ्या बाजूने इन्व्हर्टर तिच्यातून काढतो. फोटो पाहताना हीच कसोटी लावावी. बॅटरीच्या प्रत्येक खुंटीवर दोन वायर यायला हव्यात, एक बारीक आणि एक जाड. सुरुबन यांच्या फोटोत बॅटरीच्या लाल खुंटीवर एकच बारीक वायर आहे.

शेवग्याची शेंग ताई, तुमच्या चौकोनांनी बरेच सांगितले. बहात्तर चौकोनांचे पॅनल साधारण साडेसदतीस व्होल्टवर काम करते आणि पावणेनऊ अँपिअर देते. साध्या कंट्रोलरला व्होल्टेज खाली आणून अँपिअर वाढवण्याची युक्ती येत नाही. तो पॅनलला सरळ बॅटरीच्या तेरा व्होल्टला बांधतो. तेरा गुणिले पावणेनऊ म्हणजे एकशे चौदा वॅट होतात, आणि तेही भर उन्हात. ३३० पैकी दोन तृतीयांश वाया जाते. डब्यावर पीडब्ल्यूएम लिहिले असेल, तर कारण हेच. एमपीपीटी लिहिले असेल, तर दुसरे काही शोधावे लागेल, पण एक सावधगिरी ठेवा. काही स्वस्त डब्यांवर एमपीपीटी हे अक्षर नुसतेच छापलेले असते. खऱ्या एमपीपीटीच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, म्हणून तो हातात जड लागतो. तळहाताएवढा, चपटा आणि खेळण्यासारखा हलका असेल, तर अक्षरावर विश्वास ठेवू नये. बसवलेला डबा उचलून पाहायला मात्र जाऊ नका, त्याचा फोटो टाका.

डब्यावर पॅनलच्या बाजूचे जास्तीत जास्त व्होल्ट किती छापले आहेत, तेही पाहून ठेवा. बहात्तर चौकोनांचे पॅनल काही जोडलेले नसताना पंचेचाळीसच्या आसपास जाते आणि बारा व्होल्टच्या जोडणीत बऱ्याच छोट्या डब्यांना एवढे सोसत नाही.

शेवग्याची_शेंग | शनिवार, रात्री ९.०५

डब्यावर पीडब्ल्यूएमच लिहिले आहे. व्होल्टचा आकडा असलेली पट्टी खाऱ्या हवेने उडाली आहे, वाचता येत नाही. एवढे मोठे पॅनल घ्यायला लावून हा डबा दिला, याचा राग येतो आहे. आता डबा बदलावा की दुसरी बॅटरी जोडून चोवीस व्होल्ट करावेत?

जांभादगड | शनिवार, रात्री ९.३०

चोवीस व्होल्ट केले तर तुमचा बारा व्होल्टचा इन्व्हर्टरही बदलावा लागेल, म्हणून डबा बदलणे स्वस्त पडेल. वेगळा धागा काढा आणि फोटो द्या, तेथे सविस्तर लिहितो.

फोटोवेडा | रविवार, सकाळी ८.१५

विजेतले मला फारसे कळत नाही, पण धाग्यातले फोटो पाहून एक सुचवतो. काकांनी पडवीचा फोटो फ्लॅश टाकून समोरून घेतला आहे, त्यामुळे चकचकीत कागदावरची अक्षरे पांढरी झाली आहेत. सकाळी पडवीत उजेड असताना फ्लॅश बंद ठेवून, किंचित तिरके उभे राहून घेतला तर अक्षरे वाचता येतील. दुसरा फोटो निळ्या डब्याच्या खालून घ्यावा, कारण स्क्रू आणि त्यांची चित्रे तेथे आहेत. तिसरा फोटो मागे सरकून असा घ्यावा की बॅटरी, निळा डबा आणि पांढरा डबा तिन्ही एकाच चौकटीत येतील आणि वायर कोठून निघून कोठे जाते ते तुटणार नाही. जवळचे फोटो कितीही सुंदर आले, तरी वायर चौकटीबाहेर गेली की तिचा माग संपतो.

सुरुबन | रविवार, सकाळी ११.५०

सर्वांचे आभार. फोटोवेडा यांनी सांगितल्याप्रमाणे शेजारच्या मुलाकडून तीन नवे फोटो काढून घेतले आणि जोडले आहेत. काकांशीही सविस्तर बोललो.

बॅटरी यंदा वैशाखात, पावसाळ्यापूर्वी बदलली होती. जुनी नेऊन नवी बसवणाऱ्या माणसानेच वायर जोडल्या. काकू म्हणतात की मिक्सरची तक्रार आषाढात वीज वारंवार जायला लागल्यावर लक्षात आली, त्याआधी अशी वेळ आलीच नव्हती. निळ्या डब्याच्या बाजूला आता स्पष्ट वाचता येते, त्यावर २० अँपिअर, १२/२४ व्होल्ट आणि पीडब्ल्यूएम असे लिहिले आहे. खालून घेतलेल्या फोटोत बल्बच्या चित्राखालच्या जोडीभोवती प्लास्टिक तपकिरी झालेले दिसते. उरलेल्या दोन जोड्या स्वच्छ आहेत.

पहिल्या दिवशी मी पांढऱ्या डब्याला चार्ज कंट्रोलर समजून दुकानदाराला त्याचा फोटो पाठवला होता आणि ‘असाच नवा चार्ज कंट्रोलर द्या’ असे लिहिले होते. त्याने निमूटपणे किंमतही कळवली होती. ती मागणी रद्द केली आहे.

जांभादगड | रविवार, दुपारी १२.४०

तपकिरी झालेले प्लास्टिक पाहिल्यावर माझी खात्री झाली. वीस अँपिअरच्या जोडीतून वारंवार जास्त ओढले गेले आणि बारीक वायरचा स्क्रू सैल असला की तेथेच ऊब धरते. आपल्याकडे खाऱ्या हवेने स्क्रूवर हिरवट थर येतो आणि त्याने ऊब आणखी वाढते. आता हे काम थांबवू नये. दुरुस्ती होईपर्यंत वीज गेल्यावर मिक्सर लावूच नये आणि जमल्यास इन्व्हर्टर पुढच्या बटनाने बंद ठेवावा.

प्रत्यक्ष काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे, काकांनी स्वतः करू नये. त्या माणसाला पुढील क्रम सांगावा. प्रथम इन्व्हर्टर बंद करून त्याची भिंतीतली पिन काढायची. मग कंट्रोलरवरच्या पॅनलच्या वायर सोडवायच्या. ऊन असताना पॅनलच्या वायर जिवंतच असतात, त्यांना बंद करणारे बटन नसते, म्हणून त्यांची टोके लगेच वेगवेगळी झाकून ठेवायची. त्यानंतर बॅटरीला हात लावायचा. बल्बच्या जोडीतले बारीक तुकडे काढून टाकायचे, इन्व्हर्टरच्या मूळ जाड वायरला नवी लग लावून ती थेट बॅटरीच्या खुंटीवर बसवायची आणि लाल वायरवर बॅटरीजवळच फ्यूज घालायचा. फ्यूज किती अँपिअरचा ते इन्व्हर्टरच्या पाटीवरून ठरवायचे, अंदाजाने नाही. परत जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी आणि मगच पॅनल, कारण बॅटरी बारा व्होल्टची आहे की चोवीसची हे तो डबा बॅटरीवरूनच ओळखतो.

तात्या_कल्याण | रविवार, दुपारी १.२०

डाग पाहिल्यावर माझा मुद्दा सोडतो. माझ्या स्वतःच्या कर्जतच्या शेतघरी मात्र एकाच डब्यात पॅनल, बॅटरी आणि सॉकेट तिन्हींच्या जोडण्या आहेत, आणि साखळीची समजूत मी तेथूनच उचलली होती. मग त्यात कंट्रोलर कोठे असतो?

जांभादगड | रविवार, दुपारी १.४५

त्याच डब्याच्या पोटात. तिन्ही जोडण्या एकाच अंगावर असल्या की बाजारात त्याला सोलर पीसीयू किंवा नुसताच सोलर इन्व्हर्टर म्हणतात. त्याच्या फोटोत वेगळा कंट्रोलर शोधायला जाऊ नये.

सुरुबन | बुधवार, रात्री ९.२०

काम झाले. दापोलीहून दुसरा वायरमन आला होता, त्याला हा धागाच वाचून दाखवला. त्याने इन्व्हर्टरच्या जाड वायर बॅटरीवर घेतल्या आणि इन्व्हर्टरची पाटी पाहून फ्यूज घातला. काल संध्याकाळी वीज गेली असताना काकूंनी मुद्दाम अर्धा नारळ वाटून पाहिला. मिक्सर चालला आणि दिवे मिणमिणलेसुद्धा नाहीत. पांढरा डबा, म्हणजे इन्व्हर्टर, ठणठणीत आहे.

दोन गोष्टी मात्र राहिल्या आहेत. एक म्हणजे निळ्या डब्याच्या पडद्यावर पॅनलकडून बॅटरीकडे जाणारा बाण आज दुपारी दोननंतर दिसेनासा झाला. तेव्हा आकडा १४.३ होता आणि ऊन चांगले होते. दुसरी म्हणजे गच्चीच्या कठड्यावरची ती राखाडी डबी. वायरमनने तिचे झाकण उघडायचा प्रयत्न केला, पण गंजलेले स्क्रू फिरले नाहीत आणि अंधार पडत होता म्हणून तो निघून गेला.

जांभादगड | बुधवार, रात्री १०.०५

१४.३ ला बाण जाणे हे बहुधा बॅटरी भरल्याचे लक्षण आहे, भरली की कंट्रोलर पॅनल तोडतो. पण तपकिरी डाग पडलेल्या डब्याबद्दल मी पैज लावणार नाही. उद्या सकाळी दहाच्या सुमारास, रात्रभर दिवे आणि पंखा वापरून झाल्यावर, काकांनी पुन्हा पडदा पाहावा. बाण असेल आणि आकडा हळूहळू चढत असेल, तर डबा राहू द्यावा. बाण नसेल आणि आकडा बारा-साडेबारावरच अडकला असेल, तर एकतर डबा गेला किंवा गच्चीवरून वीजच खाली येत नाही.

कठड्यावरच्या डबीत नुसती जोड आहे की फ्यूज आहे, हे बाहेरून सांगता येत नाही. दोन पॅनलच्या दोन-दोन वायर आत जाताना आणि एकच जोडी बाहेर पडताना दिसते, एवढेच खात्रीने म्हणता येईल. स्क्रूंना एक दिवस गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे आणि झाकण उघडले की आतला फोटो टाकावा. मात्र ते काम सूर्य मावळल्यावर करावे.

सुरुबन | गुरुवार, सकाळी १०.३५

काकांचा फोन आला होता. बाण आहे, आकडा १२.९ आहे. डबीचा फोटो रविवारी शेजारचा मुलगा आला की टाकतो.